पेपर चाळताना नेमकं काय बघायचं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षासाठी वाचनयादी करताना एकेक पेपर नीट वाचायचा म्हटलं तर सत्र सुरू होऊन जातं. मी एका पेपरला वीस मिनिटं देते. त्यात पेपर बरोबर आहे की चूक, हे ठरत नाही आणि ते ठरवायचंही नसतं. मला एवढंच कळायला हवं असतं की यातली तुलना कशाची कशाशी आहे आणि नुकतंच रिग्रेशन शिकलेल्या मुलाला ती तुलना उलगडता येईल का.

उदाहरण घेऊ. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांचा 2005 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आलेला पेपर. इंग्रजांनी जिथे जमिनीची मालकी जमीनदारांना दिली ते जिल्हे आणि जिथे रयतवारी होती ते जिल्हे, यांत स्वातंत्र्यानंतरही फरक राहिला का, असा प्रश्न आहे. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आणि प्रस्तावना वाचायला चार मिनिटं लागतात. दावा ठसठशीत आहे: जमीनदारी नसलेल्या जिल्ह्यांत गव्हाचं दर हेक्टरी उत्पादन 23 टक्के जास्त आणि बालमृत्यू 40 टक्के कमी. इथे बरेच जण थेट निष्कर्षाकडे उडी मारतात. मी मधला सगळा मजकूर ओलांडून पहिल्या मोठ्या रिग्रेशन टेबलवर जाते आणि आकड्यांच्या आधी टेबलाखालची बारीक टीप वाचते.

शेतीची आकडेवारी 1956 ते 1987 या वर्षांची आहे आणि जिल्हे 166. जिल्हे गुणिले वर्षं केलं की नोंदींचा आकडा हजारांत जातो आणि तो पाहून डोळे दिपतात. पण एखाद्या जिल्ह्यात इंग्रजांनी कोणती पद्धत लावली, हे 1960 मध्ये एक आणि 1970 मध्ये दुसरं असं होत नाही. म्हणजे खरी तुलना 166 जिल्ह्यांमधलीच. लेखकांना याची जाण आहे का, हे टीप सांगते: स्टँडर्ड एरर जिल्हावार क्लस्टर केलेत, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र धरलेल्या नाहीत. ते नसते, तर हा पेपर मी चुकीचा नमुना म्हणून ठेवला असता, यादीत नाही.

पुढची दहा मिनिटं मी एकाच शंकेवर घालवते, कारण पेपरचा जीव तिथे असतो. इंग्रजांनी मुळातच सुपीक मुलूख जमीनदारांना दिला असेल तर? किंवा उलट? मग आजचा फरक पद्धतीचा की मातीचा? यावर उपाय म्हणजे इन्स्ट्रुमेंट: जमीनपद्धत कोणती येईल हे ज्याने ठरतं, पण शेतीवर ज्याचा दुसऱ्या वाटेने परिणाम होत नाही, असं बाहेरचं कारण. पीडीएफमध्ये ‘इन्स्ट्रुमेंट’ हा शब्द शोधला की उत्तर सापडतं. बंगालमध्ये 1793 साली जमीनदारांचा सारा कायमचा ठरवून देणारा कायमधारा आला. पुढे मद्रासेत मन्रो आणि मुंबईत एल्फिन्स्टन यांच्यासारख्या अधिकाऱ्यांमुळे रयतवारीकडे कल झाला. 1857 च्या उठावानंतर वारं पुन्हा फिरलं आणि अवधमध्ये तालुकदारांना बळ मिळालं. म्हणून 1820 ते 1856 या काळात कंपनीच्या ताब्यात आलेल्या मुलखात जमीनदारी नसण्याची शक्यता जास्त. मुलूख कोणत्या साली हाती आला, याचा जमिनीच्या कसाशी थेट संबंध नसावा, हा युक्तिवाद. तो पटो न पटो, वर्गात त्यावर तास-दीड तास भांडता येतं. पहिल्या वर्षाला नेमकं तेच हवं असतं. सांख्यिकीचं अवघड यंत्र यात नाही. शंका इतिहासाच्या भाषेत मांडता येते.

शेवटची चार मिनिटं गूगल स्कॉलरवर, पेपरला नंतर कुणी छेडलंय का ते बघायला. ही पायरी गाळली की फसगत होते, कारण पेपर स्वतःची दुखरी नस क्वचितच दाखवतो. इथे 2013 मध्ये इव्हर्सन, पामर-जोन्स आणि सेन यांनी वर्गवारीवरच बोट ठेवलं. मध्य प्रांत जमीनदारीच्या रकान्यात टाकला होता. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडच्यांना हे लगेच कळेल: तिथे मालगुजारी होती, पण कुळांना बऱ्यापैकी संरक्षण होतं. तिथला मालगुजार म्हणजे बंगालचा जमीनदार नव्हे. मध्य प्रांताचा रकाना बदलला की शेतीच्या निष्कर्षांचा जोर ओसरतो, असं त्यांचं म्हणणं.

एवढ्यावर पेपर यादीतून काढावा, असं मला वाटत नाही. उलट, एका रकान्यातली नोंद बदलल्यावर निष्कर्ष कसा हलतो, हे याहून स्वच्छ दाखवणारी जोडी मला माहीत नाही. म्हणून दोन्ही घ्यायचे, पण लागोपाठच्या आठवड्यांत, आणि इन्स्ट्रुमेंटचे तास झाल्यावरच. 2005 चा पेपर चोवीस पानांचा आहे. त्यातली प्रस्तावना, जमीनपद्धतींच्या इतिहासाचा भाग आणि इन्स्ट्रुमेंटचा भाग सक्तीचा. आरोग्य-शिक्षणाची टेबलं ऐच्छिक. 2013 चा पेपर वाचण्याआधी मुलांनी प्रत्येक जिल्ह्याची वर्गवारी स्वतः बघावी आणि कोणती खटकते ते लिहून आणावं. विदर्भातला विद्यार्थी वर्गात असेल, तर त्याचा कागद आधी वाचायला घ्यायचा.