दमा आटोक्यात येईना? पंप बदलायच्या आधी हा आयजीई बघा

नमस्कार मंडळी, ठाण्यातून बोलतोय. मी छातीचा डॉक्टर आहे हे जुन्या लोकांना माहितीच आहे, नवीन असाल तर बसा. आज विषय आहे एबीपीए, म्हणजे अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस. नाव विसरलात तरी चालेल, रक्ताच्या दोन टेस्ट लक्षात ठेवा, त्यावरच सगळं अडकलेलं असतं.

एक पेशंट घेऊ. खरी एक व्यक्ती नाही, तीन-चार फायलींतून जुळवलेली आहे. कळव्याच्या ताई म्हणू. वय ३८, वजन ६० किलो, लहानपणापासून दमा. पंप नियमित घेतात, टेक्निक बरोबर आहे, मी समोर बसवून बघितलं. तरी रात्री दोनला उठून बसायचं, महिन्याआड नेब्युलायझरला धावायचं आणि दर वेळी पाच दिवसांचा स्टेरॉइड गोळ्यांचा कोर्स. कोर्स चालू असताना एकदम मस्त, कोर्स संपला की पंधरा दिवसांत पुन्हा तेच. एवढं ऐकलं की माझे कान टवकारतात.

मग मी विचारलं, कफ कसा पडतो? तर म्हणाल्या, "डॉक्टर, कधीकधी तपकिरी, घट्ट, शेवयांच्या तुकड्यासारखं काहीतरी पडतं, मी घाबरून कुणाला सांगितलं नाही." आणि फाईलमध्ये जुना एक्स-रे, उजवीकडे वर डाग. त्या डागावर कुठेतरी सहा महिने टीबीच्या गोळ्या दिलेल्या, थुंकीत टीबी सापडलेला नसताना. पुढच्या एक्स-रेत तो डाग गायब आणि डावीकडे खाली नवीन. टीबीचा डाग असा घर बदलत फिरत नाही हो. आपल्याकडे टीबी एवढा आहे की डॉक्टरचा हात आधी तिकडेच जातो, ते मी समजू शकतो, पण दम्याच्या पेशंटमध्ये फिरते डाग दिसले की एबीपीए डोक्यात यायलाच हवा. उलट बाजूही सांगतो, स्टेरॉइड चालू करायच्या आधी टीबी नाही याची खात्री करायचीच, तिथे शॉर्टकट नाही.

आता हे होतं कसं. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी आहे, तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, कुजलेल्या पाल्यात, कंपोस्टमध्ये, ओल आलेल्या भिंतीवर, जुनी बिल्डिंग पाडतात तेव्हाच्या धुळीत. ठाण्यात यातलं काय नाही सांगा. साइझ दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे थेट खोल श्वासनळ्यांत. तुम्ही-मी दिवसभर ते ओढतो आणि शरीर ते साफ करून टाकतं. काही दमेकऱ्यांमध्ये मात्र ते चिकट कफात अडकतात आणि तिथेच उगवतात. बुरशी फुफ्फुस खात सुटत नाही, ते वेगळं आजारपण, कोविडनंतर ज्याची भीती बसली तेही हे नाही. इथे शरीरच तिच्यावर भयंकर चिडतं, आयजीई नावाच्या अँटीबॉडी ढीगभर बनवतं, इओसिनोफिल नावाच्या पेशी पाठवतं, त्यातून कफ आणखी घट्ट होतो, नळ्यांत बूच बसतं आणि वर्षानुवर्षं हे चाललं की नळ्या कायमच्या फुगून सैल पडतात. त्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात आणि ती गोष्ट मागे फिरत नाही. म्हणून घाई करायची ती इथे.

तर टेस्ट. पहिली, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसची स्पेसिफिक आयजीई. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर हिच्यासमोर m3 असा कोड दिसतो. ०.३५ किंवा त्याहून जास्त आली की या बुरशीची अ‍ॅलर्जी आहे. पण फक्त हीच पॉझिटिव्ह म्हणजे एबीपीए नव्हे बरं का, कितीतरी दमेकऱ्यांना नुसती अ‍ॅलर्जी असते. म्हणून दुसरी, टोटल आयजीई. आधी इथे १००० ची मर्यादा धरायचे, २०२४ च्या नव्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये ती ५०० वर आणली. ही गाईडलाईन बनवणाऱ्यांत चंदीगडच्या पीजीआयची टीम पुढे आहे, या आजारावरचं जगातलं बरंच मोठं काम तिथलं आहे. दोन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आल्या की उरलेल्या तीनपैकी किमान दोन गोष्टी हव्यात: अ‍ॅस्परजिलसची आयजीजी, म्हणजे आयजीईहून वेगळ्या प्रकारची अँटीबॉडी, पॉझिटिव्ह, इओसिनोफिल ५०० च्या वर, आणि सीटी स्कॅनमध्ये किंवा एक्स-रेत त्याच्या खुणा.

ताईंची स्पेसिफिक आयजीई आली १८. टोटल आयजीई ४८००. आयजीजी पॉझिटिव्ह. आणि इओसिनोफिल? फक्त १८०. आता इथे गडबड समजून घ्या, रक्त दिलं तेव्हा त्यांचा पाच दिवसांचा कोर्स चौथ्या दिवसावर होता. स्टेरॉइड पोटात गेलं की इओसिनोफिल झपकन खाली येतात. म्हणजे तो १८० चा आकडा तुमचा नाही, गोळीचा आहे. त्यामुळे शक्य असेल तर रक्त कोर्स सुरू व्हायच्या आधी द्या, आणि नसेल जमलं तर निदान डॉक्टरला सांगा तरी की गोळ्या चालू होत्या. जुने सीबीसी चाळले तर एकात ११०० सापडलेच. सीटीत मधल्या नळ्या फुगलेल्या आणि एका ठिकाणचा कफ तर शेजारच्या स्नायूपेक्षाही पांढरा, दाट. असा दाट कफ दिसला की रेडिओलॉजिस्ट स्वतः फोन करतो.

आणि हो, ते दोनशे पदार्थांचं अ‍ॅलर्जी पॅनल. ताईंनी ते आधीच केलेलं, त्यात वांगं आणि शेंगदाणे लाल आले म्हणून वर्षभर बंद केले होते. त्या पैशात या दोन टेस्ट कितीतरी वेळा झाल्या असत्या. वांगी खा हो.

उपचार. दोन औषधं, दोन वेगळी कामं. स्टेरॉइड शरीराची ती चिडचिड शांत करतं, अँटीफंगल म्हणजे इट्राकोनॅझोल कफातली बुरशी कमी करतं म्हणजे चिडायला कारणच कमी उरतं. पहिल्या वेळी दोन्हींपैकी एक पुरतं. चंदीगडच्याच एका अभ्यासात १३१ पेशंट होते, त्यात प्रेडनिसोलोनवाले सगळे सुधारले, इट्राकोनॅझोलवाले ८८ टक्के, पण साइड इफेक्ट इट्राकोनॅझोलमध्ये बरेच कमी. ताईंना दम खूप लागत होता म्हणून आम्ही प्रेडनिसोलोन घेतलं. हिशोब किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला रोज ३० मिलिग्रॅम, सुरुवातीचे दोन ते चार आठवडे, मग हळूहळू उतरवत एकूण चार महिने. पाच दिवसांच्या कोर्सने हे का मिटत नव्हतं ते आता लक्षात आलं असेल. आणि मधेच बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर झोपलेलं असतं.

आठ आठवड्यांनी आयजीई पुन्हा केली. २६००. खोकला गेलेला, झोप लागायला लागलेली, पण ताईंचा चेहरा पडलेला, कारण रिपोर्टवर नॉर्मल १०० च्या आत लिहिलंय. मंडळी, हा मुद्दा नीट ऐका, यावरून लोक उगाच महिनोन्‌महिने स्टेरॉइड खातात. एबीपीएमध्ये आयजीई नॉर्मल करायची नसते, बहुतेकांची होतही नाही. आठ आठवड्यांत २० टक्के किंवा जास्त उतरली आणि त्रास कमी झाला की औषध लागू पडलं. ताईंची जवळजवळ ४५ टक्के उतरली होती. चार महिन्यांनी कोर्स संपला तेव्हा १६००. हा त्यांचा नवा बेसलाईन. फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला, आणि टेस्ट दर वेळी त्याच लॅबमधून.

पुढच्या पावसाळ्यात ताई धावत आल्या, सर्दी-खोकला चार दिवस, आयजीई १९००. वाढली ना? वाढली, पण १६०० वरून १९०० म्हणजे २० टक्केही नाही. एबीपीए उलटला म्हणायला बेसलाईनपेक्षा ५० टक्के वाढ हवी, म्हणजे यांच्या बाबतीत २४००, आणि सोबत दोन आठवडे टिकलेला त्रास किंवा एक्स-रेत नवीन डाग. साधं व्हायरल होतं, पंप वाढवून भागलं. मात्र दिवाळीनंतर तीन आठवडे खोकला, पुन्हा ते तपकिरी तुकडे आणि आयजीई ३१००. हा खरा फ्लेअर.

मधल्या काळात त्यांची शुगर वाढलेली, म्हणून या वेळी इट्राकोनॅझोल, २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चार महिने. इथे तीन ठिकाणी लोक फसतात. एक, साधी कॅप्सूल पोटात आम्ल असेल तरच नीट शोषली जाते, जेवणासोबत घ्यायची, आणि सकाळी उठल्या उठल्या जी अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोलची गोळी घ्यायची सवय असते ना, ती या औषधाचं पाणी करते. ताई तेच करत होत्या, महिन्याने रक्तातली औषधाची लेव्हल केली तर अगदी कमी. गोळी बंद केली, लेव्हल वर आली. सुपर बायोअव्हेलेबल म्हणून जो प्रकार मिळतो त्याचा डोस वेगळा असतो, तेव्हा मेडिकलवाला "सेमच आहे" म्हणाला तरी बदलून घेऊ नका.

दुसरं, पंप. इट्राकोनॅझोल लिव्हरमध्ये काही स्टेरॉइडचा निचरा अडवतं. ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप चालू असेल तर तेवढ्याच डोसचं स्टेरॉइड अंगात साठत जातं, चेहरा गोल होतो, हलक्या धक्क्याने काळंनिळं पडतं. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचंही तसंच. म्हणून ताईंचा पंप तेवढ्यापुरता बेक्लोमेथासोनवाला केला. तुमच्या डॉक्टरला विचारा, पण विचाराच. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्याही यासोबत चालत नाहीत, सगळी औषधं पिशवीत घालून घेऊन जा.

तिसरं, लिव्हरची टेस्ट मधे मधे करायची, आणि हार्ट फेल्युअर असेल तर हे औषध नकोच.

ज्यांना वारंवार उलटतं आणि नळ्याही बऱ्याच खराब झाल्यात त्यांना दोन्ही औषधं एकत्र देतात. तरी स्टेरॉइड सुटत नसेल तर ओमॅलिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत, महाग आहेत, सगळ्यांना लागत नाहीत.

घराचं विचाराल. ओल दुरुस्त करा, कुंड्यांची माती उकरायची किंवा माळा साफ करायचा तर दुसऱ्या कुणाला सांगा, नाहीतर एन-९५ लावा. पण बीजाणू ठाण्याच्या हवेतून जाणार नाहीत, त्यामुळे भिंत रंगवली म्हणून गोळी बंद असला हिशोब करू नका. आणि कमेंटमध्ये दर वेळी येणारे कबुतरांचे प्रश्न, तो आजार वेगळा, टेस्ट वेगळी, त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करतो.