हात चुकला की डोकं?

नमस्कार श्रोतेहो. आज एकच गोष्ट सांगते, नऊ वर्षांच्या एका मुलीची. आई तिला कडेवर घेऊन आली होती. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही; हात आपोआप वळवळतात, बोलणं घरच्यांनाच कळतं. पिशवीत जुना अहवाल, ‘बौद्धिक अक्षमता, तीव्र.’

चाचणी कसली झाली होती? लाकडी पाटीच्या खाचांत दहा ठोकळे बसवायचे, तेही घड्याळ लावून. आई म्हणाली, “मॅडम, चांदणी तिने बरोबर खाचेपाशी नेली हो. हात उडाला, ठोकळा टेबलाखाली.” कागदावर मात्र चूक डोक्याच्या नावावर.

मी आधी तिला नीट बसवलं. पाय पाटावर टेकलेले, कमरेला पट्टा, सगळं साहित्य अगदी समोर. कारण अशा काही मुलांची मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात ताठ होतो. (शाळांतल्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्या कुणी निवडल्या, देव जाणे. धडधाकट पोरंसुद्धा त्यांवरून घसरतात.) मग ‘हो’साठी वर बघायचं, ‘नाही’साठी खाली. “तू मुलगा आहेस का?” असले उत्तर ठाऊक असलेले बारा प्रश्न विचारले. बाराही बरोबर. ‘हो-नाही’ पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, लक्षात ठेवा.

मग रेव्हनची रंगीत चाचणी घेतली. 36 नक्ष्या, प्रत्येकीतला तुकडा गायब, सहा तुकड्यांतून योग्य तो शोधायचा. वेळेची अट नाही. तुकडे मोठे करून पारदर्शक शीटवर लांब लांब चिकटवले. शीटपलीकडून मी तिची नजर बघत होते. पण मला उत्तर माहीत, माझेच डोळे चुगली करायचे! म्हणून नक्षी न पाहिलेली एक सहकारी नजर टिपायला बसवली.

दिवसाला बाराच नक्ष्या. दुसऱ्या दिवशी चुका वाढल्या. बघते तर जवळजवळ सगळ्या चुकांत योग्य तुकडा डाव्या खालच्या कोपऱ्यात! तिथे तिची नजर पोचतच नव्हती. तिसऱ्या दिवशी तुकड्यांच्या जागा बदलल्या, चुकलेल्या नक्ष्या पुन्हा दाखवल्या. एकूण 27 बरोबर. नुसत्या अंदाजाने एका फेरीत सहाच्या आसपास आले असते.

म्हणून सांगते, चुका मोजण्याआधी चुका कुठे पडतात ते बघा.

आता मर्यादा. पद्धत बदलली, काही नक्ष्या दुसऱ्यांदा दाखवल्या, म्हणून छापील तक्त्यातून बुद्ध्यंक काढला नाही. शिवाय ही चाचणी आकृत्यांचा विचार तपासते, भाषा नाही. त्यासाठी चार चित्रांतलं एक नजरेने दाखवायची शब्दचाचणी वेगळी घेतली. अहवालात बदल एकेक करून लिहिले, आणि वर लिहिलं, ‘ठोकळ्यांच्या चाचणीचा निकाल बुद्धीसाठी धरू नये.’

आईने ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मुलगी वर बघत होती.