तिसरं स्टेशन, पण कुठल्या दिशेनं?

नमस्कार श्रोतेहो. समजा, तुम्ही माद्रिदच्या सोल चौकात उभे आहात आणि पिकासोचं 'गेर्निका' हे चित्र बघायला रेइना सोफिया संग्रहालयात निघाला आहात. रस्ता विचारणं सोपं आहे: "पेर्दोने, पारा इर आल रेइना सोफिया?" म्हणजे, माफ करा, रेइना सोफियाला कसं जायचं? आपला मराठी 'त' आणि 'द' स्पॅनिशला छान चालतो, 'ट' आणि 'ड' मात्र विसरा. पंचाईत होते ती पुढे, समोरचा भरभर बोलायला लागतो तेव्हा.

तो म्हणेल, "कोखा ला लीनेआ उनो, दिरेकथ्योन बाल्देकार्रोस, इ बाखेसे एन एस्ताथ्योन देल आर्ते." सगळं कळायची गरज नाही, तीनच गोष्टी पकडा. 'उनो' म्हणजे मेट्रोची लाइन एक. 'दिरेकथ्योन'नंतर येतं ते शेवटच्या स्टेशनचं नाव. आपण विरार गाडी म्हणतो, तसंच हे. बाल्देकार्रोसला जायचं नसलं तरी गाडी तीच. आणि 'बाखेसे' म्हणजे उतरा. मग आपणच विचारायचं, "ला तेर्थेरा?" तिसरं ना? तो "सी" म्हणाला की झालं. लांबलचक प्रश्नाला लांबलचक उत्तर मिळतं, म्हणून मी दुसरा प्रश्न नेहमी हो-नाहीचाच ठेवतो.

आता तिकीट. मशीनमधून आधी लाल कार्ड घ्यावं लागतं, 'तार्खेता मुल्ती'. त्याचे अडीच युरो पडतात, पण त्यात प्रवास नसतो! नुसतं कार्ड घेऊन फाटकाशी गेलात तर ते उघडणार नाही. त्यावर 'बियेते सेन्थियो', म्हणजे एकेरी तिकीट, किंवा 'दिएथ ब्याखेस', म्हणजे दहा फेऱ्या, भरायच्या. दहा फेऱ्यांचं कार्ड दोघांत चालतं: एकानं टेकवून आत जायचं, मग तेच दुसऱ्यानं टेकवायचं. दोन फेऱ्या कापल्या जातात, एवढंच.

रस्त्यावर 'रेक्तो' म्हणजे सरळ, 'देरेचा' म्हणजे उजवीकडे. मेक्सिकोसारख्या देशांत मात्र सरळला 'देरेचो' म्हणतात, आणि शेवटच्या एका स्वरावरून माणूस भलत्याच गल्लीत शिरतो. अशा वेळी मी सरळ हात पुढे करून विचारतो, "आसी?" असं?

एक गंमत सांगायची राहिली. एखादे आजोबा तुम्हाला एस्ताथ्योन देल आर्तेऐवजी 'आतोचा'ला उतरा म्हणतील. त्यांचं चुकत नाही; 2018 पर्यंत त्या स्टेशनचं नाव आतोचाच होतं. आता मात्र ते नाव पुढच्या स्टेशनला आहे. तिथं उतरलातच, तर थोडं मागं चालत या.