एका पुलाचे दोन मालक

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मोठ्या शहराच्या कारभाराविषयी, आणि तो इतक्या कार्यालयांत का वाटला गेलाय त्याविषयी. त्यासाठी तुम्हाला अंधेरीला नेते. गोखले पूल, पश्चिम रेल्वेच्या रुळांवरचा. तुमच्यापैकी कित्येक जण त्यावरून रोज जात असतील.

2024 च्या मार्चमधली गोष्ट. माझे मामा रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्य रुळांच्या कडेनं गेलेलं. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाली होती आणि मामांना ती बघायचीच होती. अंधेरी पश्चिमेला उतरलो, चालत पुलाखाली आलो. वर बघितलं तर गोखले पुलाचा उतार येतोय आणि शेजारून जुना बर्फीवाला उड्डाणपूल, जुहूकडे जाणारा. हे दोन पूल पूर्वी एकमेकांना जोडलेले होते, गाडी एकावरून सरळ दुसऱ्यावर जायची. आता नवा पूल वर आणि जुना खाली. मधलं अंतर एका ठिकाणी जवळजवळ माणसाच्या खांद्याएवढं. तिथे अडथळे लावून ठेवलेले.

मी म्हटलं, "मामा, हे मोजताना चुकलं का?"

मामांनी मान हलवली. म्हणाले, "मोजताना नाही गं. रुळांवरून जाणारा पूल आमच्या नियमानं उभा राहतो. खाली विजेची तार आहे, पंचवीस हजार व्होल्टची. तारेच्या वर किती जागा मोकळी सोडायची ते रेल्वे ठरवते, आणि जुना पूल बांधला तेव्हाच्यापेक्षा आता जास्त सोडावी लागते. म्हणून पूल उंच झाला. पूल उंच झाला की त्याचा उतारही उंच होणार. आणि उतार ज्याला जोडायचा, तो पूल मात्र आहे तिथेच."

मग ते हातवारे करून सांगू लागले. रुळांवरचा तुकडा रेल्वेच्या हद्दीत. दोन्ही बाजूंचे उतार, म्हणजे जोडरस्ते, महापालिकेचे. रुळांवर काम करायचं तर रेल्वेकडून 'ब्लॉक' घ्यायचा, म्हणजे ठरावीक तास गाड्या बंद ठेवायच्या. तो सहसा मध्यरात्री मिळतो, आणि हुकला की पुढच्याची वाट बघायची. आराखडा महापालिकेचा असला तरी त्यावर रेल्वेची मंजुरी हवी. एका पुलाचे दोन मालक, श्रोतेहो. मी पुन्हा सांगते, एका पुलाचे दोन मालक.

आणि हा प्रश्न नवीन नव्हता. याच पुलाच्या पादचारी मार्गाचा भाग 3 जुलै 2018 ला सकाळी पावसात रुळांवर कोसळला होता. माणसं जखमी झाली, पश्चिम रेल्वे ठप्प झाली, आणि पहिला वाद हाच उभा राहिला की देखभाल कोणाची. पूल 1975 चा, दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला. 2022 च्या नोव्हेंबरात तो पूर्ण बंद झाला. रुळांवरचा जुना भाग रेल्वेनं पाडला, नवा पूल महापालिकेनं उभारला.

त्या उंचीच्या फरकावर पुढे उपाय निघाला तो पाहण्यासारखा होता. बर्फीवाला पूल पाडला नाही. हायड्रॉलिक जॅक लावून त्याचा तेवढा भागच वर उचलला, एका बाजूला सुमारे 1.4 मीटर, दुसऱ्या बाजूला साधारण 65 सेंटिमीटर, आणि खाली नवे आधार दिले. जुलै 2024 मध्ये दोन्ही पूल पुन्हा जोडले गेले. मामांनी बातमी वाचून फोन केला, "उचलला बघ!" आवाजात असा आनंद, जणू त्यांनी स्वतः जॅक लावला होता. गोखले पुलाची दुसरी बाजू मात्र मे 2025 मध्ये सुरू झाली.

आता हे असं का होतं? माझं मत असं आहे, श्रोतेहो, की आपल्याकडे निकडीचं काम आलं की महापालिकेला बळ देण्यापेक्षा नवं मंडळ काढणं सरकारला सोपं वाटतं. हे ब्रिटिशांपासून चालत आलंय. 1896 ला मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्या मोकळ्या करायच्या, रुंद रस्ते काढायचे, हे काम तेव्हाच्या महापालिकेकडे न देता 1898 मध्ये वेगळा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. तो 1933 मध्ये महापालिकेत विलीन झाला. म्हणजे पस्तीस वर्षं एका शहरात रस्ते काढणारे दोघे.

पुढेही तेच. नव्या मुंबईसाठी 1970 मध्ये सिडको आलं, सगळ्या महानगर प्रदेशासाठी 1975 मध्ये एमएमआरडीए आलं, घरांसाठी म्हाडा, झोपडपट्ट्यांसाठी एसआरए. प्रत्येकाच्या मागे खरं कारण आहे. महापालिकेची हद्द दहिसर, मुलुंड, मानखुर्दला संपते, पण माणूस विरारहून, पनवेलहून येतो. त्या सगळ्या टापूचा विचार करायला कोणीतरी हवंच. आणि लोहमार्ग महापालिकेला देता येणार नाही, गाडी तर थेट डहाणूपर्यंत जाते. पण घोळ कुठे होतो? बांधणारा एक आणि सांभाळणारा दुसरा, तिथे. बांधणारा एक, सांभाळणारा दुसरा, हे लक्षात ठेवा. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गाचंच घ्या. ते आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होते, मग एमएमआरडीएकडे गेले, आणि 2022 च्या अखेरीस महापालिकेकडे आले. रस्ता तोच, खड्डा तोच, फक्त तक्रारीचा पत्ता बदलला.

74 व्या घटनादुरुस्तीनं, 1993 पासून, नगरनियोजन, रस्ते, पाणी अशी अठरा कामं नागरी संस्थांकडे देता येतील अशी यादी केली. देता येतील, द्यावीच लागतील असं नाही. शिवाय मुंबईत कारभार चालवणारा आयुक्त राज्य सरकार नेमतं. महापौराला आपण ओळखतो, पण सही आयुक्तांची चालते. मला तर वाटतं, शाळेत मुलांना लोकसभेच्या जागा पाठ करायला लावतात, तशी आपल्या वॉर्डाची अक्षरंही शिकवावीत. अंधेरी पूर्वेच्या मुलाला आपण 'के पूर्व'मध्ये राहतो हे माहीत नसतं, आणि त्याच्या आईला पाणी आलं नाही तर कुठल्या इमारतीत जायचं तेही नाही. असो.

तक्रार करायची असेल तर मामांनी सांगितलेला क्रम सांगते. आधी बघा, जागा कोणाची. मग, काम कोणी केलं. आणि मग, ते हस्तांतरित झालंय का. हस्तांतर झालं नसेल तर महापालिका तुम्हाला सरळ बांधणाऱ्याकडे पाठवेल. झालं असेल तर दोषदायित्व कालावधी संपलाय का ते विचारा, कारण तोपर्यंत दुरुस्ती ठेकेदारानं आपल्या खर्चानं करायची असते. या तिन्हींची उत्तरं अर्जात पहिल्याच ओळीत लिहा. मामा म्हणतात, टेबलावरच्या माणसाला मग "हे आमच्याकडे येत नाही" असं तोंडी सांगून भागत नाही, कागदावर लिहून द्यावं लागतं.

परवा मामा पुन्हा गोखले पुलावर जाऊन आले. दोन पूल जिथे जुळतात तिथली फट बघत ते म्हणे बराच वेळ उभे होते. मला फोनवर विचारत होते, "आता हा सांधा कोण साफ करतं गं?"