काटा एकच, माणसं दोन
(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सांगलीत बसलोय तेव्हा मार्केट यार्डातूनच सुरुवात करतो. हळदीच्या एका अडतीवर दोन माणसं आहेत असं समजा. एक हमाल, पोती पाठीवर घेणारा. दुसरे दिवाणजी, सकाळी नऊपासून दिवे लागेपर्यंत गादीवर बसून हिशेब लिहिणारे. दोघांचं वय ४२, उंची १७० सेंटिमीटर, आणि पोत्यांच्या काट्यावर उभं केलं तर दोघांचं वजन ६५ किलो. ही माणसं मी हिशेब समजावा म्हणून उभी केली आहेत, त्यांचे आकडेही मीच ठरवलेत. पण असे दोघे तुमच्या ओळखीत असतील.

आता बीएमआय काढू. किलोतलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. १.७० गुणिले १.७० म्हणजे २.८९. पासष्टला त्यानं भागलं की २२.५ येतात. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त धरतात. म्हणजे दोघंही पास. दिवाणजींना शिबिरात कुणीतरी 'नॉर्मल' असं लिहून दिलेलं असतं आणि ते तो कागद जपून ठेवतात.

पण भागाकारात वर काय बसलंय ते बघा. ६५ किलो हे एकगठ्ठा वजन आहे. हाड, स्नायू, रक्त, आतडी, चरबी, सगळं त्यात मिसळलेलं. पोत्याचं वजन झालं तरी व्यापारी आत हात घालून हळद बघतोच ना? तसा आपणही आत हात घालू.

हमालाच्या अंगात १२ टक्के चरबी धरू. ६५ चे १२ टक्के म्हणजे ७.८ किलो. उरलेले ५७.२ किलो बिनचरबीचे. दिवाणजींच्या अंगात २८ टक्के चरबी धरू, म्हणजे १८.२ किलो, बिनचरबीचे ४६.८. फरक १०.४ किलोचा आहे, आणि तो दोन्हीकडे तेवढाच आहे. दिवाणजींकडे साडेदहा किलोच्या आसपास चरबी जास्त, आणि बरोबर तेवढंच बाकीचं शरीर, मुख्यतः स्नायू, कमी. एकानं दुसऱ्याला झाकलं, म्हणून काटा हललाच नाही.

हेच बीएमआयच्या भाषेत मांडता येतं. चरबीच्या किलोंनाही त्याच २.८९ नं भागा. हमालाचे येतात २.७ आणि दिवाणजींचे ६.३. बिनचरबीचं वजन भागलं की हमालाचे १९.८, दिवाणजींचे १६.२. दोघांच्या बेरजा करून बघा, दोन्हीकडे २२.५ च येतात. बीएमआय ही बेरीज आहे, आणि बेरजेवरून तिच्यातले दोन आकडे कधीच ओळखता येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, दहा किलो चरबी जास्त असेल तर डोळ्यांना दिसेलच की. मलाही असंच वाटायचं, म्हणून मी एकदा आकारमानाचा हिशेब मांडला. एक लिटर चरबी साधारण ९०० ग्रॅम भरते, बिनचरबीचं शरीर लिटरला साधारण १,१०० ग्रॅम. त्या हिशेबानं हमालाचं शरीर होतं सुमारे ६०.७ लिटरचं आणि दिवाणजींचं ६२.८ लिटरचं. फरक दोन लिटरचा! दोन तांबे पाणी अख्ख्या अंगावर पसरल्यासारखं. मांड्या-दंड बारीक झालेले, पोट थोडं पुढे आलेलं, वर सैल सदरा. माणूस सडपातळच दिसतो.

हे कल्पनेतलं वाटू नये म्हणून आपल्या शेजारचंच उदाहरण देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडच्या बारीक दिसणाऱ्या माणसांना मधुमेह का होतो, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा या एका फोटोपासून सुरू करतो.

कारण ही अदलाबदल दोन्ही बाजूंनी नडते. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. दिवाणजींकडे ते कोठारच लहान आहे. दुसऱ्या बाजूला, कातडीखाली चरबी साठवायला जागा पुरली नाही की ती पोटातल्या अवयवांभोवती आणि यकृतात साठू लागते; मग यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि उपाशीपोटीही साखर सोडत राहतं. शिवाय, स्वस्थ पडून राहिलं तरी शरीर किती जाळतं, ते मुख्यतः बिनचरबीच्या वजनावर ठरतं. प्रचलित सूत्रानं हमालाचे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी येतात, दिवाणजींचे सुमारे १,३८०. एका मोठ्या ज्वारीच्या भाकरीएवढा हा फरक, आणि तो पोती न उचलता.

मग २८ टक्के हे कळायचं कसं? जिममध्ये अनवाणी उभं राहायचं यंत्र असतं. ते चरबी मोजत नाही. ते अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेतं, आणि बिनचरबीच्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं असं धरून उलटा हिशेब करतं. पाण्याचा अंदाज एका लिटरनं कमी आला, तर बिनचरबीचं वजन १.४ किलोनं कमी लागतं आणि तेवढी चरबी फुकट वाढते: २८ चे ३० टक्के होतात. म्हणून घाम गाळून आल्यावर किंवा भरपेट जेवून मोजू नका. मोजायचंच तर त्याच यंत्रावर, त्याच वेळी, सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी. दोन टक्क्यांच्या चढउतारावर विश्वास ठेवू नका. पण २८ चे १२ काही चुकीनं होत नाहीत.

यंत्र नसेल तर शिंप्याची टेप पुरते. मात्र पँट जिथं बांधता तिथं नाही. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो आणि वर्षानुवर्षं 'माझी कंबर चौतीसच' म्हणतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. समजा हमालाचे आले ७६ सेंटिमीटर, दिवाणजींचे ८८. भारतीय पुरुषासाठी ९० ची मर्यादा सांगतात, म्हणजे दिवाणजी इथंही निसटले! पण दुसरी कसोटी लावा, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. १७० चे निम्मे ८५. इथं ते सापडतात. टेप चरबीचे किलो सांगत नाही, पण ती जिथं नको तिथं साठली आहे का, ते सांगते.

आता दिवाणजी घाबरून जेवण तोडतील. तेवढंच केलं तर चरबीबरोबर आधीच कमी असलेले स्नायूही जातील. त्याऐवजी त्यांनी वर्षभर नेमानं वजनं उचलली, पानात डाळ-उसळ-अंडी वाढवली, आणि चार किलो चरबी जाऊन तीन किलो स्नायू आले असं धरू. वजन ६४. बीएमआय २२.१. कागदावर जवळजवळ काहीच घडलेलं नाही. पण चरबी १८.२ वरून १४.२ किलोवर आली, म्हणजे २८ वरून २२ टक्क्यांवर. वर्षानं काट्यावर उभं राहून ते कुरकुरतील, 'डॉक्टर, एकच किलो गेलं'. तेव्हा त्यांच्या पट्ट्याकडे बघायचं, कितव्या भोकात अडकलाय ते.