एका शेअरचं माप

मंडळी, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, या ना. पुण्यात पहिली रांग मान्यवरांची असते हा गैरसमज आहे. ती ज्यांना मधेच उठता येत नाही त्यांची असते.

विषय आहे, एका कंपनीत किती पैसे ठेवावेत. आधी माझी फजिती. माझी पुंजी 20 लाखांची होती. भोसरीतल्या एका ओळखीच्यानं कंपनी सुचवली, नाव सांगत नाही. 400 रुपयांनी 500 शेअर घेतले, म्हणजे 2 लाख. पुंजीच्या दहा टक्के, अगदी शहाण्यासारखं. भाव 300 झाला. मी म्हटलं, ॲव्हरेज करू. आणखी 1,000 घेतले. 200 झाला तेव्हा आणखी 2,000. ही म्हणाली, "मंडईत वांगी स्वस्त दिसली की आपण आधी किडकी आहेत का बघतो. तुम्ही पोतं उचलताय." मी तिला सरासरी भाव 257 वर आला हे कौतुकानं समजावलं. तिनं समजून घेतलं नाही, हे तिचे उपकार.

शेवटी 60 ला विकले. 9 लाख घातले, 2 लाख 10 हजार हाती आले. पहिल्या 500 वर थांबलो असतो तर 1 लाख 70 हजार गेले असते. गेले 6 लाख 90 हजार. गंमत बघा, कंपनी निवडण्यातली चूक दोन्हीकडे एकच. फरक फक्त मापाचा. उरलेल्या 13 लाख 10 हजारांचे पुन्हा 20 लाख व्हायला जवळपास 53 टक्के वाढ लागते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, आता मुद्दा.

माप विश्वासावरून नाही, तोट्यावरून काढायचं. एका व्यवहारात पुंजीचा एक टक्का, म्हणजे 20 हजार, गेला तरी चालेल असं ठरवा. भाव 500, आणि 425 ला बाहेर पडायचं. शेअरमागे तोटा 75. 20 हजार भागिले 75, म्हणजे 266 शेअर, साधारण 1 लाख 33 हजार, पुंजीच्या पावणेसात टक्के.

पण 425 ला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. 7 जानेवारी 2009 ला सत्यमचा शेअर एका दिवसात 179 च्या आसपासून 40 वर आला. मधल्या भावांना कुणाचा स्टॉपलॉस धावून आला असता? म्हणून वर एक कमाल मर्यादाही हवी. सर्वसाधारण इक्विटी म्युच्युअल फंडाला सेबीनं एका कंपनीत 10 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. इंडेक्स आणि सेक्टर फंडांचा अपवाद. आपण तेवढीच धरू. दहा टक्क्यांच्या शेअरचा पाऊण भाव गेला तरी पुंजी साडेसात टक्क्यांनीच घटते.

चार बँकांचे शेअर म्हणजे चार वेगळे शेअर नव्हेत, एकत्र पडतात. आणि हिंजवडीकर, पगार देते त्याच कंपनीचे शेअर असतील तर मर्यादा आणखी खाली आणा.

दुसरी चिठ्ठी आली. वाढून वीस टक्के झालेल्या शेअरचं काय, ते चहाच्या वेळी विचारा.