पाहुणा ध्वनी

(दृश्य : शाळेची घंटा. पाठीवर दप्तर घेऊन धावणारी मुलं.)

या मुलांच्या पाठीवरचं दप्तर मुळात फारसीतलं ‘दफ़्तर’. दर आठवड्याला भरायचा हप्ता म्हणजे ‘हफ़्ता’. आणि पोर्तुगीजांच्या अफोन्सोचा आपण केला हापूस. तिन्ही शब्दांत एक ‘फ़’ होता : वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, हवा घासत सोडायचा. मराठीत हा ध्वनी नव्हता. शब्द आत आले. ‘फ़’ मात्र उंबऱ्याबाहेर राहिला आणि त्याच्या जागी घरचा ‘प’ बसला.

परका शब्द घेतला, म्हणजे त्याचा ध्वनीही घेतला असं होत नाही. आणि ध्वनी तोंडात रुळला तरी भाषेने तो आपल्या हिशेबात धरलाच असंही नाही. तो धरला की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे : फक्त तेवढा एक ध्वनी बदलला तर अर्थ बदलतो का? बदलत असेल, तर भाषाशास्त्र त्याला ‘स्वनिम’ म्हणतं.

हिंदी-उर्दूत असं घडलं. तिथे ‘राज’ म्हणजे राज्य आणि ‘राज़’ म्हणजे गुपित. ‘फन’ हा नागाचा फणा, तर ‘फ़न’ म्हणजे कला. फारसी जाणणाऱ्या दुभाषी लोकांनी हे शब्द मूळ उच्चारांसकट वापरले, आणि ते इतके आले की जोड्या तयार झाल्या. नागरीत त्यासाठी अक्षराखाली टिंब, म्हणजे नुक्ता, आला. पण खेड्यापाड्यांत आजही ‘जमीन’ आणि ‘जरूर’ साध्या ‘ज’नेच बोललं जातं. म्हणजे एकाच भाषेत काही तोंडांना हा स्वनिम आहे, काहींना नाही.

मग फारसीचा एवढा शेजार असून मराठीला हा ‘ज़’ का मिळाला नाही?

(दृश्य : मासळी बाजार. विक्रेतीचा आवाज : “ताजा पापलेट! ताजी कोळंबी!”)

नीट ऐका. ‘ताजा’मधला ‘ज’ दातांमागचा, ‘ताजी’मधला टाळूवरचा. शब्द फारसीच, ‘ताज़ा’. पण तो चालतो आपल्या ‘माझा–माझी’च्या चालीवर. मराठीत दातांमागचा ‘ज’ आधीपासून होता. ‘हे जग सुंदर आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ : लिहायला सारखे, बोलायला वेगळे. ज़मीन, ज़ोर, बाज़ार आले, तेव्हा त्यांच्यासाठी जागा तयारच होती. फक्त पुढे ‘इ’, ‘ई’ किंवा ‘ए’ आला की तो ‘ज’ बहुधा टाळूकडे सरकायचा. म्हणून ‘मर्ज़ी’ची झाली ‘मर्जी’. पाहुण्याने नवी खोली मागितलीच नाही.

असा शब्दातल्या ठरावीक जागेला बांधलेला ध्वनी सुटतो कसा, हे इंग्रजीत दिसतं. जुन्या इंग्रजीत ‘ज़’ हा ‘स’चाच एक अवतार होता, दोन स्वरांमध्ये ऐकू येणारा. ‘हाउस’चं अनेकवचन ‘हाउज़ेस’ होतं, ती त्याचीच आठवण. शब्दाच्या सुरुवातीला तो येत नसे. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचं राज्य आलं, फ्रेंचमधून शब्दांचा लोंढा आला, आणि पुढे ‘सील’शेजारी ‘ज़ील’, म्हणजे उत्साह, उभा राहिला. आता सुरुवातीलाही ‘स’ की ‘ज़’ यावर अर्थ ठरू लागला.

मराठीत आज त्याच प्रकारची हालचाल दिसते. डिझेल, म्युझिक, झिप. इथे पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ असूनही पुष्कळ जण टाळूकडे जात नाहीत. ‘मर्जी’ला लागलेला नियम ‘म्युझिक’ला लागत नाही. आपण तो ‘झ’ने लिहितो, ही आपली खास सोय. अर्थात ‘डिजेल’ म्हणणारेही भेटतीलच. हा निकाल अजून लागायचा आहे.

‘फ’ची गोष्ट वेगळीच वळली.

(दृश्य : जवळून ओठ. आधी आजी, मग नात. दोघी म्हणतात : “फळ”.)

आजीचे ओठ पूर्ण मिटले आणि हवेच्या झोतासह उघडले. तोंडासमोर धरलेला कागद हलला. नातीचे ओठ मिटलेच नाहीत. दात ओठावर टेकले. फोन, ऑफिस, कॉफी यांच्यासोबत आलेला ‘फ़’ आता फळ, फूल, फणस या घरच्या शब्दांतही शिरला आहे. पण नातीचा ‘फ़ळ’ आणि आजीचा ‘फळ’ यांत अर्थाचा फरक शून्य. म्हणजे स्वनिमांच्या यादीत भर पडलेली नाही. एका जागेवरचा जुना उच्चार उठतो आहे, नवा बसतो आहे. आणि दप्तराच्या दारातून परत पाठवलेला तो ध्वनी नातीच्या तोंडून मूळच्या मराठी शब्दांत ऐकू येतो आहे.

(दृश्य : नात आजीला पुन्हा विचारते, “फणस म्हण ना.” आजीचे ओठ मिटतात.)